अंडसंचयाच्या चाचण्या : पुटकगणना आणि गर्भसंभवाचे भाकीत

वंध्यत्वचिकित्सेच्या केंद्रातून स्त्रीच्या हाती जो सोनोग्राफीचा अहवाल पडतो, त्यात बहुधा एक लहानशी ओळ असते : उजव्या अंडाशयात ३ पुटके, डाव्या अंडाशयात २. त्याखाली ‘अंडसंचय अल्प’ असा शेरा असतो. या पाच पुटकांच्या आधारे पुढे अनेक निर्णय घेतले जातात. उपचार तातडीने सुरू केले जातात, अंडपेशी गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि क्वचित दुसऱ्या स्त्रीची अंडपेशी स्वीकारण्याची गोष्टही काढली जाते. ‘मला मूल होईल का?’ असे त्या स्त्रीने विचारलेले असते आणि उत्तर म्हणून तिला एक आकडा मिळालेला असतो. हा आकडा त्या प्रश्नाचे उत्तर आहे काय, आणि नसल्यास तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संचय म्हणजे काय

स्त्रीच्या अंडाशयातील अंडपेशींचा साठा तिच्या जन्मापूर्वीच पूर्ण झालेला असतो. गर्भावस्थेच्या सुमारे विसाव्या आठवड्यात ही संख्या साठ ते सत्तर लाखांपर्यंत जाते. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाखांवर आलेली असते, आणि यौवनारंभी तीन ते चार लाख उरतात. पुढे ऋतुनिवृत्तीच्या सुमारास सुमारे एक हजार अंडपेशी शिल्लक राहतात. या दीर्घ कालावधीत प्रत्यक्ष अंडमोचन होते ते अवघ्या चारशे ते पाचशे अंडपेशींचे. उरलेल्या साऱ्या वाटेतच क्षय पावतात. अंडाशयाचे जीवन हे अशा रीतीने मुख्यतः क्षयाचे जीवन आहे, आणि अंडमोचन हा त्यातील एक विरळ अपवाद होय.

या साठ्यातील बहुतेक अंडपेशी आदिम पुटकांत निद्रिस्त असतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाइतका असल्यामुळे त्या कोणत्याही यंत्राने जिवंत स्त्रीच्या शरीरात मोजता येत नाहीत. त्यांतील काही रोज जाग्या होतात, अनेक महिने वाढतात, आणि वाढीच्या उत्तरार्धात त्यांच्यात द्रवाने भरलेली पोकळी निर्माण होते. अशा पोकळीयुक्त पुटकांना अँट्रल पुटके म्हणतात. द्रव ध्वनिलहरी परत पाठवीत नाही, म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर ही पुटके काळ्या, गोल ठिपक्यांसारखी दिसतात आणि ती मोजता येतात. अँट्रल पुटकगणना म्हणजे एवढेच : दोन ते दहा मिलिमीटर व्यासाच्या पुटकांची दोन्ही अंडाशयांतील बेरीज.

तात्पर्य, चाचणी मोजते ती रांग, कोठार नव्हे. कोठार मोठे असेल तर त्यातून रोज निघणारी पुटके अधिक असतात आणि रांगही लांब असते, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. शस्त्रक्रियेने काढलेल्या अंडाशयांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून हा संबंध खरा असल्याचे दाखविण्यात आले आहे. तथापि तो अंदाजच होय. ए. एम. एच. या संप्रेरकाची रक्तचाचणीही याच जातीची आहे. हे संप्रेरक वाढत्या लहान पुटकांच्या ग्रॅन्युलोसा पेशींतून स्रवते, म्हणजे दोन्ही चाचण्या जवळपास एकाच रांगेकडे दोन खिडक्यांतून पाहतात. ऋतुस्रावाच्या आरंभी एफ. एस. एच. मोजण्याची चाचणी या दोहोंहून जुनी आहे, आणि ती रांगेचा परिणाम अप्रत्यक्षपणे मोजते. तो कसा, हे पुढे येईल.

गणना कशी होते आणि कोठे चुकते

गणनेचा काळ ऋतुस्रावाच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा असतो. त्यावेळी त्या महिन्याचे प्रमुख पुटक अद्याप इतरांच्या पुढे गेलेले नसते, म्हणून रांग सर्वांत स्पष्ट दिसते. मूत्राशय रिकामे करवून योनिमार्गे तपासणीचा दांडा आत घेतला जातो. सात मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारितेचा दांडा असल्यास दोन मिलिमीटरचे पुटक ओळखता येते. प्रथम अंडाशयाची सीमा निश्चित करतात, सर्वांत मोठे पुटक दोन दिशांनी मोजून त्याचा सरासरी व्यास काढतात, आणि मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दांडा सावकाश फिरवीत प्रत्येक पुटक एकदाच मोजतात. दहा मिलिमीटरांहून मोठी पुटके वजा केली जातात. हीच कृती दुसऱ्या अंडाशयावर करून बेरीज केली जाते.

कृती सोपी आहे, परंतु ‘एकदाच’ ही अट पाळणे सोपे नाही. द्विमितीय चित्रात तेच पुटक दोन छेदांत दोनदा मोजले जाऊ शकते, आणि दोन लगतची पुटके एकच वाटू शकतात. आडव्या छेदातील रक्तवाहिनी पुटकासारखी दिसते. दांडा नव्वद अंशांनी वळविल्यास ती लांबट होते आणि पुटक गोलच राहते, यावरून फरक ओळखता येतो. अंडाशय वर सरकलेले असेल, आतड्यांतील वायू आड येत असेल, किंवा एन्डोमेट्रिऑसिसच्या गाठीने अंडाशय व्यापलेले असेल, तर मोजणी कमी भरते. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत पुटके लहान होतात आणि त्यांची मोजता येण्याजोगी संख्या घटते. ए. एम. एच.ही खाली येते. गोळ्या थांबविल्यावर काही महिन्यांत दोन्ही आकडे पूर्ववत होण्याचा कल असतो. म्हणून गोळ्या चालू असताना काढलेल्या आकड्यावरून ‘संचय अल्प’ असा शेरा देणे ही प्रत्यक्षात पद्धतीची चूक होय.

याखेरीज एक दोष असा आहे की तो कौशल्याने दूर होत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या पुटकांपैकी काही निरोगी असतात, तर काहींचा क्षय आधीच सुरू झालेला असतो. काळा ठिपका या दोहोंत भेद करीत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की वयाबरोबर घटतात ती मुख्यतः दोन ते सहा मिलिमीटरची पुटके. सात ते दहा मिलिमीटरच्या पुटकांची संख्या जवळपास स्थिर राहते. ज्या दोन स्त्रियांची बेरीज सारखी आहे, त्यांत एकीची पुटके मुख्यतः लहान व दुसरीची मुख्यतः मोठी असतील, तर त्या दोघींची स्थिती एक नव्हे. अहवालातील बेरीज हा भेद पुसून टाकते.

या सर्व कारणांनी एकाच स्त्रीची गणना महिन्यामहिन्याला आणि तपासनिसागणिक काही पुटकांनी बदलते. वीस पुटकांच्या बाबतीत दोनचा फरक किरकोळ होय, पण पाच पुटकांच्या बाबतीत तोच फरक ‘अल्प’ व ‘पुरेसा’ यांमधील सीमा ओलांडतो. आणि नेमका तेथेच निर्णय अवलंबून असतो.

रांग लहान असूनही गर्भ का राहतो

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. स्वाभाविक गर्भधारणेला महिन्याला एकच अंडपेशी लागते. रांगेत पाच पुटके असोत की वीस, त्यांतील एकच प्रमुख होते आणि उरलेल्यांचा क्षय होतो. ही निवड कशी होते हे पाहिले की पुटकगणनेचे महत्त्व कोठे संपते ते कळते.

ऋतुस्रावाच्या आरंभी मस्तिष्कग्रंथीतून येणारे एफ. एस. एच. थोडे वाढते आणि एका उंबरठ्याच्या वर जाते. त्याच्या बळावर रांगेतील पुटके वाढू लागतात, आणि वाढताना इनहिबिन बी व इस्ट्रॅडिओल ही संप्रेरके स्रवतात. ही संप्रेरके उलट मस्तिष्कग्रंथीला आवर घालतात, आणि एफ. एस. एच. पुन्हा खाली येते. त्या घसरत्या पातळीवर जे पुटक सर्वांत पुढारलेले असते तेच तग धरते. बाकीची उंबरठ्याखाली राहून संपतात. एका अंडपेशीची ही योजना अशा रीतीने परस्परनियंत्रणावर उभी आहे.

रांग आखूड झाली तर काय होते? आरंभी इनहिबिन बी कमी स्रवते, म्हणून आवर सैल पडतो, आणि एफ. एस. एच. नेहमीपेक्षा लवकर व अधिक वाढते. थोडक्या पुटकांतूनही एक पुटक प्रमुख होण्याइतके बळ त्यामुळे मिळते. ज्या वाढलेल्या एफ. एस. एच.ला चाचणीत ‘प्रतिकूल’ म्हटले जाते, तीच वाढ म्हणजे शरीराने केलेली भरपाई होय. किंबहुना ही भरपाई कधी गरजेहून अधिक होते. तिशीच्या उत्तरार्धातील स्त्रियांत भिन्नबीज जुळ्यांचे प्रमाण वाढते, कारण त्या वाढलेल्या एफ. एस. एच.च्या प्रभावाखाली कधी दोन पुटके एकाच वेळी परिपक्व होतात. रांग घटत असताना जुळी वाढावीत हे वरवर विसंगत दिसते. नियंत्रणाची रचना लक्षात घेतली की त्यात विसंगती उरत नाही.

अर्थात ही भरपाई अमर्याद नाही. रांग अगदी संपत आली म्हणजे पाळी अनियमित होते, काही महिने अंडमोचन होत नाही, आणि मग आकड्याला स्वाभाविक गर्भधारणेच्या दृष्टीनेही अर्थ येतो. परंतु त्या अवस्थेत पाळीच्या अनियमिततेने स्त्रीला ते बहुधा आधीच कळविलेले असते.

या तर्काची कसोटी प्रत्यक्षातही घेतली गेली आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ३० ते ४४ वर्षे वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या आणि नुकताच अपत्यप्राप्तीचा प्रयत्न सुरू केलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आरंभी त्यांच्या रक्तातील संप्रेरके मोजली गेली, आणि मग बारा ऋतुचक्रांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. वय व इतर घटक हिशेबात धरल्यानंतर, ए. एम. एच. ०.७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून कमी असलेल्या स्त्रियांना सहा चक्रांत गर्भ राहण्याची संभाव्यता ६५ टक्के निघाली. सामान्य पातळीच्या स्त्रियांत ती ६२ टक्के होती. बारा चक्रांच्या अखेरीस हे आकडे अनुक्रमे ८४ व ७५ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, म्हणून अल्प ए. एम. एच. लाभदायक असल्याचे यावरून कोणी समजू नये. एफ. एस. एच. दहाच्या वर असलेल्या स्त्रियांतही गर्भसंभव कमी आढळला नाही. या अभ्यासात पुटके मोजलेली नव्हती हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण ए. एम. एच. त्याच पुटकांतून येत असल्यामुळे त्याचा निष्कर्ष पुटकगणनेला लागू करण्यास सबळ आधार आहे.

याची उलट बाजूही बोधप्रद आहे. पुटके फार असणे म्हणजे गर्भसंभव फार असणे नव्हे. बहुपुटक अंडाशय विकारात एकेका अंडाशयात वीस किंवा अधिक पुटके दिसतात आणि ए. एम. एच. उंच असते. चाचणीच्या भाषेत हा संचय विपुल होय. परंतु त्यांतील एकही पुटक वेळेवर प्रमुख होत नाही, अंडमोचन अनियमित होते किंवा होतच नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने त्या स्त्रिया चिकित्सेसाठी येतात.

संख्या आणि गुण

गर्भधारणा अखेर अवलंबून असते ती अंडपेशीच्या गुणावर, आणि तो गुण पडद्यावर दिसत नाही. अंडपेशीचे अर्धसूत्री विभाजन स्त्रीच्या जन्मापूर्वी सुरू होऊन मध्येच थांबते, आणि अंडमोचनाच्या वेळी, म्हणजे वीस, तीस किंवा चाळीस वर्षांनी, पुन्हा पुढे सरकते. एवढा काळ गुणसूत्रांना एकत्र बांधून ठेवणारी प्रथिने जीर्ण होत जातात. बंध सैल झाले की विभाजनात गुणसूत्रे असमान वाटली जातात. अशा अंडपेशीपासून झालेले बहुतेक भ्रूण रुजत नाहीत किंवा गर्भपातात संपतात.

अमेरिकेतून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा हजारांहून अधिक भ्रूणांच्या तपासणीवर आधारलेल्या अभ्यासात सदोष गुणसूत्रांचे प्रमाण विशीच्या उत्तरार्धात सर्वांत कमी आढळले. तिशीच्या मध्याला ते साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते, आणि बेचाळिसाव्या वर्षी सुमारे तीन चतुर्थांश. हा ऱ्हास वयाशी बांधलेला आहे. रांग किती लांब आहे याच्याशी त्याचा संबंध असलाच तर तो क्षीण आहे. संख्या आणि गुण दोन्ही वयाबरोबर घटतात, म्हणून ती एकच गोष्ट असावी असा भास होतो. परंतु एकाच वयाच्या स्त्रियांची तुलना केली की दोन्ही वेगळ्या होतात.

येथे एक भारतीय संदर्भ प्रस्तुत आहे. स्पेन व भारत येथील, शरीरबाह्य फलनासाठी आलेल्या स्त्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय स्त्रियांच्या अंडसंचयाची मापे त्यांच्याहून सुमारे सहा वर्षांनी मोठ्या स्पॅनिश स्त्रियांच्या मापांशी जुळती आढळली. यावरून ‘भारतीय स्त्रीचे अंडाशय सहा वर्षे आधी वृद्ध होते’ असे सुटसुटीत वाक्य प्रचारात येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही गट चिकित्सेसाठी आलेल्या स्त्रियांचे होते, सर्वसाधारण लोकसंख्येचे नव्हते. शिवाय रांग सहा वर्षे पुढे गेली म्हणून अंडपेशींची गुणसूत्रे सहा वर्षांनी अधिक जीर्ण झाली, असे त्यातून निघत नाही. तीस वर्षांच्या स्त्रीची अंडपेशी तीसच वर्षे थांबलेली असते.

एक हिशेब

हा भेद स्पष्ट करण्यासाठी दोन कल्पित स्त्रिया घेऊ. पहिली ३३ वर्षांची असून तिची गणना ५ आहे. दुसरी ४२ वर्षांची असून तिची गणना १४ आहे. दोघींचीही पाळी नियमित आहे. अहवालाप्रमाणे पहिलीचा संचय अल्प आणि दुसरीचा वयाच्या मानाने चांगला ठरेल.

स्वाभाविक चक्रात दोघींनाही महिन्याला एकच अंडपेशी मिळते. भ्रूणांवरून मिळालेले प्रमाण स्थूलमानाने येथे लावल्यास, पहिलीच्या तीन संभाव्य भ्रूणांपैकी दोन निर्दोष गुणसूत्रांचे असतील, तर दुसरीच्या चारांपैकी एक. दर महिन्याची संधी पहिलीची कितीतरी अधिक आहे, आणि पाच व चौदा हे आकडे या हिशेबात कोठेच आले नाहीत.

आता दोघींनाही शरीरबाह्य फलनासाठी औषध दिले असे समजू. बाहेरून दिलेले एफ. एस. एच. पातळी खाली येऊ देत नाही, म्हणून एरवी क्षय पावणारी पुटकेही वाढतात. येथे रांगेची लांबी प्रथमच कामाला येते. पहिलीच्या पाच पुटकांतून चार अंडपेशी मिळाल्या, त्यांतील तीन परिपक्व निघाल्या, दोन फलित झाल्या आणि एक भ्रूण पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत पोचला असे धरू. दुसरीच्या चौदा पुटकांतून अकरा अंडपेशी, नऊ परिपक्व, सहा फलित आणि तीन ब्लास्टोसिस्ट मिळाले असे धरू. पहिलीच्या एका भ्रूणापैकी निर्दोषाची अपेक्षा ०.६७ आहे. दुसरीच्या तीन भ्रूणांत ती तीन गुणिले ०.२५ म्हणजे ०.७५ आहे. सरासरीने दोघी जवळपास बरोबरीला आल्या. परंतु स्त्रीला सरासरी नको असते, तिला निदान एक निर्दोष भ्रूण हवा असतो. दुसरीचे तिन्ही भ्रूण सदोष निघण्याची शक्यता ०.७५ चा घन, म्हणजे सुमारे ०.४२ आहे. म्हणून निदान एक निर्दोष मिळण्याची शक्यता ०.५८ उरते, आणि पहिलीची ०.६७ आहे.

हे आकडे कल्पित आहेत, आणि त्यांत बेचाळिसाव्या वर्षी ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचण्याचे प्रमाणही घटते ही गोष्ट दुसरीला सवलत म्हणून सोडून दिली आहे. तरीही त्यांतून संबंधाचे स्वरूप दिसते. जवळजवळ तिप्पट पुटकांनी दुसरीला पहिलीच्या बरोबरीपर्यंतही पुरते आणले नाही. उलट पहिलीची गणना पाचऐवजी दहा असती तर तिला दोन ब्लास्टोसिस्ट मिळाले असते आणि तिची शक्यता ०.८९ झाली असती. म्हणजे समान वयात, औषधोपचाराच्या एका चक्रात, संख्येला मूल्य आहे. निरनिराळ्या वयांत संख्या वयाची जागा घेऊ शकत नाही. आणि स्वाभाविक प्रयत्नात, जोवर अंडमोचन नियमित आहे तोवर, तिचे मूल्य फार थोडे आहे.

चाचणी खरोखर कशाचे भाकीत करते

हाच निष्कर्ष मोठ्या संकलनांतूनही निघतो. शरीरबाह्य फलन करणाऱ्या ५,७०५ स्त्रियांची वैयक्तिक माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. भाकिताची अचूकता मोजण्याच्या प्रचलित मापात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूकपणा. औषधाला अंडाशय कमी प्रतिसाद देईल काय, या प्रश्नाला पुटकगणना व ए. एम. एच. यांची उत्तरे ०.७ व ०.८ च्या आसपासची, म्हणजे उपयोगी पडण्याइतकी चांगली ठरली. परंतु गर्भ राहून टिकेल काय, या प्रश्नाला वयाने दिलेले उत्तर ०.५७ एवढेच होते, आणि चाचण्यांची भर घातल्याने त्यात लक्षणीय सुधारणा झाली नाही. एकाच चाचणीला दोन प्रश्न विचारले गेले. एकाचे उत्तर तिला येते, दुसऱ्याचे येत नाही.

मग प्रतिसादाचे भाकीत करता येते म्हणून उपचार बदलल्यास फळ बदलते काय? नेदरलँड्समध्ये १,५१५ स्त्रियांवर झालेल्या ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या चाचणीने, जिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, हाच प्रश्न तपासला. दहा किंवा त्याहून कमी पुटके असलेल्या स्त्रियांत चिठ्ठी टाकून काहींना एफ. एस. एच.ची नेहमीची १५० एककांची मात्रा दिली गेली, आणि काहींना गणनेनुसार २२५ किंवा ४५० एककांची वाढीव मात्रा. अठरा महिन्यांच्या आत जिवंत अपत्य होण्याचे प्रमाण वाढीव मात्रेच्या गटात ४२.४ टक्के आणि नेहमीच्या मात्रेच्या गटात ४४.८ टक्के होते. रांगेत जे पुटक नाही ते औषध वाढविल्याने निर्माण होत नाही. मात्र पंधराहून अधिक पुटके असलेल्या स्त्रियांत मात्रा घटविल्याने अपत्यप्राप्तीत लक्षणीय फरक न पडता अंडाशयाच्या अतिउत्तेजनाचा धोका कमी झाला. पुटकगणनेचा सर्वांत निःसंदिग्ध लाभ हाच होय. ती कोणाला औषध जपून द्यावे ते सांगते.

आणखीही काही ठिकाणी आकडा उपयोगी पडतो. अंडपेशी गोठवू इच्छिणाऱ्या स्त्रीला एका चक्रात किती मिळतील, कर्करोगाच्या औषधांनंतर किंवा अंडाशयावरील शस्त्रक्रियेनंतर साठ्याची किती हानी झाली, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तरुण वयात गणना अनपेक्षितपणे अल्प निघाल्यास ती पुन्हा करून पाहणे, आणि अकाली ऋतुनिवृत्तीचा कौटुंबिक इतिहास किंवा फ्रॅजाइल-एक्स जनुकाचा दोष आहे काय हे तपासणे इष्ट असते. ज्या दांपत्याला एकाहून अधिक अपत्ये हवी आहेत किंवा ज्यांना बराच काळ थांबायचे आहे, त्यांच्या विचारातही या आकड्याला स्थान आहे. परंतु ऋतुनिवृत्ती नेमकी कधी येईल हे एका स्त्रीपुरते सांगण्याइतका तो सूक्ष्म नाही.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१९ साली असे मत दिले की, वंध्यत्व नसलेल्या स्त्रीला तिच्या भावी प्रजननक्षमतेविषयी सल्ला देण्यासाठी ए. एम. एच. चाचणी करू नये. या मताचे कारण वरील विवेचनातून स्पष्ट होते. ही चाचणी शरीरबाह्य फलनाच्या केंद्रांत घडली. तेथे ‘किती अंडपेशी मिळतील’ हाच व्यवहाराचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तिने बरे दिले. ती केंद्राबाहेरच्या स्त्रीपर्यंत पोचली तेव्हा आकडा तोच राहिला आणि प्रश्न मात्र बदलला.

आरंभीच्या अहवालातील पाच पुटकांचा अर्थ म्हणून असा लावावा लागतो. ती स्त्री ३३ वर्षांची असेल, तिची पाळी नियमित असेल, आणि प्रयत्नाला चारच महिने झाले असतील, तर तिच्या गर्भसंभवाविषयी त्या पाच पुटकांनी फारसे काही सांगितलेले नाही. तिचे वय, पतीच्या वीर्याची तपासणी, गर्भनलिकांची स्थिती आणि प्रयत्नाचा कालावधी यांनी अधिक सांगितले असते. शरीरबाह्य फलनाची वेळ आलीच, तर एका चक्रात थोड्या अंडपेशी मिळतील आणि कदाचित एकाहून अधिक चक्रे लागतील, एवढे त्या आकड्यावरून तिला प्रामाणिकपणे सांगता येते. स्वतःच्या अंडपेशीने तिला मूल होणार नाही, असे त्यावरून सांगता येत नाही.